दिवा विझतो की निश्चल होतो?

प्रश्न: आमच्या घरी आजी मोक्ष म्हणते. माझी कॉलेजातली मैत्रीण बौद्ध आहे, तिच्या घरी निर्वाण म्हणतात. दोन्हींचा अर्थ जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असाच सांगतात. गीतेत तर 'ब्रह्मनिर्वाण' असा शब्दच आहे. मग हा नुसता शब्दांचा फरक आहे की खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

उत्तर:

माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र फरक सहसा जिथे शोधला जातो तिथे तो सापडत नाही. पुनर्जन्म थांबणं दोन्हीकडे आहे. तृष्णा आणि अज्ञान हे मूळ कारण, हेही दोन्हीकडे आहे. जिवंतपणीच ते साधू शकतं असं बौद्ध म्हणतात आणि अद्वैतीही म्हणतात. एवढंच पाहिलं तर 'नाव वेगळं, गाव एक' हे आजीचं उत्तर बरोबर वाटतं. मी संस्कृत आणि पालि ग्रंथ शिकवतो, आणि वर्गात दर वर्षी कुणीतरी हेच उत्तर देतं. तेव्हा मी आधी दोन्ही शब्द सोडवायला लावतो.

'मोक्ष' हा 'मुच्' धातूच्या घरातला. सोडणं, मोकळं करणं. गाय दाव्यातून सुटते, कैदी बेडीतून सुटतो. म्हणजे हा शब्द उच्चारताच तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात: बांधलेला कुणीतरी, त्याला बांधणारं काहीतरी, आणि दावं तुटल्यावरही तिथे उभा असलेला तोच कुणीतरी. गाय सुटली म्हणजे गाय उरलीच.

'निर्वाण' शब्दात असा कुणी बांधलेला नाही, तिथे आग आहे. 'निर्' आणि 'वा', म्हणजे वाहणं. विझणं, निवणं असा अर्थ. पाणिनीने या रूपासाठी चक्क एक सूत्र खर्ची घातलं आहे: 'निर्वाणोऽवाते'. वाऱ्याविषयी बोलायचं असेल तर 'निर्वात' म्हणा, बाकी ठिकाणी 'निर्वाण'. यावर काशिकावृत्ती या जुन्या टीकेने जी उदाहरणं दिली आहेत ती पाहण्यासारखी आहेत: निर्वाण झालेला अग्नी, निर्वाण झालेला दिवा, आणि निर्वाण झालेला भिक्षू. व्याकरणकाराने तिघांना एका ओळीत बसवलं आहे.

आता ही आग कसली, ते बौद्ध ग्रंथ अगदी स्वच्छ सांगतात. गयेजवळच्या टेकडीवर बुद्धांनी दिलेल्या उपदेशात डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळतं आहे असं म्हटलं आहे, आणि कशाने, तर राग, द्वेष आणि मोह या तीन आगींनी. (हा 'राग' आपल्या मराठीतला संताप नव्हे, आसक्ती.) पुढे बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांना एका परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, विचारलं, निर्वाण निर्वाण म्हणतात ते काय? उत्तर मिळालं: रागाचा क्षय, द्वेषाचा क्षय, मोहाचा क्षय. यात 'अमुक जण मुक्त झाला' असं वाक्यच नाही. काय संपलं तेवढंच सांगितलं आहे.

शब्दांचं हे प्रकरण मी फार ताणणार नाही, कारण बौद्ध ग्रंथही 'विमुत्ती', 'विमोक्ख' हे शब्द मोकळेपणाने वापरतात आणि जैन तर मोक्ष आणि निर्वाण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. महावीरांचं निर्वाण झालं म्हणून पावापुरीला दिवाळी, आणि तत्त्वार्थसूत्रात त्याच अवस्थेला मोक्ष म्हटलं आहे: सगळ्या कर्मांतून सुटका. त्यानंतर जीव लोकाच्या, म्हणजे विश्वाच्या, टोकापर्यंत वर जातो. मातीचे थर दिलेला भोपळा पाण्यात बुडतो आणि माती विरघळली की आपोआप वर येतो, तसं. तिथे जीव कायमचा, वेगळा, स्वतःच्या ज्ञानासह राहतो. शब्द 'निर्वाण' असला तरी बौद्धाला हे चित्र अजिबात मान्य होणार नाही. म्हणून शब्दावरून न ठरवता एक प्रश्न विचारावा: सुटल्यानंतर कोण उरतं?

हा प्रश्न त्या काळात खरंच विचारला गेला आहे, आणि दोन्ही परंपरांत विचारणारा माणूस उत्तर ऐकून गोंधळला आहे. ते दोन संवाद शेजारी ठेवून वाचले की फरक हाताला लागतो.

पहिला बृहदारण्यक उपनिषदातला. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत, मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींत वाटणी करायची आहे. मैत्रेयी म्हणते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन मी काय करू? मग याज्ञवल्क्य तिला मिठाच्या खड्याचा दृष्टान्त देतात. खडा पाण्यात टाकला की विरघळतो, परत काढता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखलं तरी खारटच. तसं हे महान तत्त्व नुसतं विज्ञानघन, म्हणजे निव्वळ ज्ञानाने भरलेलं, आहे. आणि मग ते म्हणतात: मेल्यानंतर 'संज्ञा' नाही, म्हणजे मी अमुक अशी वेगळी जाणीव नाही. इथे मैत्रेयी दचकते. तुम्ही मला मोहात पाडलंत, असं सरळ सांगते. अमरत्व मागायला आले आणि तुम्ही म्हणता जाणीवच नाही!

हा संवाद त्याच उपनिषदात दोनदा येतो, दुसऱ्या अध्यायात आणि चौथ्या अध्यायात, थोड्या फरकाने. चौथ्या अध्यायातल्या पाठात याज्ञवल्क्य तिचा गोंधळ घालवताना एक वाक्य जास्त बोलतात: अगं, हा आत्मा अविनाशी आहे, 'अनुच्छित्तिधर्मा' आहे, त्याचा उच्छेद होत नाही. जाणीव नाही म्हणजे जाणणारा नाही असं नव्हे. पाहायला दुसरं काही उरलं नाही म्हणून पाहणं थांबलं. जिथे सगळं आत्माच झालं तिथे कुणी कुणाला आणि कशाने पाहायचं? जाणणाऱ्याला कशाने जाणायचं?

दुसरा संवाद मज्झिम निकाय या पालि ग्रंथातला. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, ज्याचं चित्त विमुक्त झालं तो मेल्यावर कुठे जन्मतो? 'जन्मतो' हे लागू होत नाही. मग जन्मत नाही? तेही लागू होत नाही. दोन्ही? दोन्ही नाही? चारही पर्याय नाकारले जातात. वच्छगोत्त म्हणतो, माझा पार सम्मोह झाला. (मैत्रेयीने वापरलेला 'मोह' शब्दच इथेही आहे, आणि मला वाटतं हा संवाद वाचताना मैत्रेयी आठवलीच पाहिजे.) तेव्हा बुद्ध त्याला उलट प्रश्न विचारतात. तुझ्यासमोर आग जळते आहे, ती कशावर जळते? गवत आणि लाकूड यांवर. ती विझली तर ती कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला की पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छगोत्त म्हणतो, हे लागूच होत नाही; इंधन संपलं, नवं मिळालं नाही, म्हणून ती विझली. तसंच, बुद्ध म्हणतात, ज्या रूपावरून, वेदनेवरून, संज्ञेवरून, संस्कारांवरून, विज्ञानावरून, म्हणजे शरीर, सुखदुःखाचा अनुभव, वस्तू ओळखणं, मनाचे कल आणि जाणीव या पाच स्कंधांवरून, तू तथागताची ओळख सांगशील ते सगळं बुंध्यापासून तोडलेल्या ताडासारखं संपलं आहे. आता तो महासागरासारखा खोल आहे, मोजता न येणारा.

दोन्ही ठिकाणी सामान्य अर्थाची जाणीव आणि 'मी अमुक' ही ओळख संपते. पण याज्ञवल्क्यांनी शेवटी मैत्रेयीच्या हाती काहीतरी ठेवलं: आत्मा अविनाशी आहे. वच्छगोत्ताच्या हाती काहीच ठेवलं नाही. तो उरतो असंही नाही आणि त्याचा उच्छेद होतो असंही नाही, कारण विचारलेला 'तो' मुळात इंधनाच्या हिशेबानेच मोजला जात होता. 'निर्वाण म्हणजे शून्य होणं, नाहीसं होणं' असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, ते इथे चुकतं. मेल्यावर सगळं संपतं हा उच्छेदवाद बुद्धांनी आत्मा कायम राहतो या शाश्वतवादाइतकाच नाकारला आहे.

आगीच्या दृष्टान्ताबाबत एक पळवाट काढली जाते. श्वेताश्वतर उपनिषद म्हणतं की अरणीत लपलेला अग्नी दिसत नाही, पण त्याचं अस्तित्व नष्ट झालेलं नसतं. घुसळलं की पुन्हा प्रकटतो. मग विझलेली आगही अशीच कुठेतरी गुप्त राहते, आणि बुद्धांनाही तेच म्हणायचं होतं, असा हा युक्तिवाद. मला तो पटत नाही. तसं म्हणायचं असतं तर वच्छगोत्ताला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. संधी समोर होती. शिवाय धम्मपदातली तीन पदं पाहा. सगळे संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या गोष्टी, अनित्य, सगळे संस्कार दुःख, आणि तिसऱ्या वेळी शब्द बदलतो: सगळे 'धम्म', म्हणजे घडलेल्या न घडलेल्या सगळ्याच गोष्टी, अनात्म. निर्वाण हे संस्कारांत मोडत नाही, म्हणून ते अनित्य नाही आणि दुःखही नाही. पण ते 'धम्म' आहेच, म्हणून पालि ग्रंथ प्रमाण मानणाऱ्या थेरवादी परंपरेच्या वाचनाप्रमाणे तेही अनात्म ठरतं. उदान ग्रंथातलं 'न जन्मलेलं, न घडवलेलं' हे निर्वाणाचं वर्णन दाखवून 'हेच ब्रह्म' म्हणणाऱ्यांनी या एका शब्दाच्या बदलापाशी थांबायला हवं.

आता गीतेचं 'ब्रह्मनिर्वाण'. दुसऱ्या अध्यायाच्या अगदी शेवटी आणि पाचव्या अध्यायात चोविसाव्या श्लोकापासून ओळीने तीनदा हा शब्द येतो. शंकराचार्य त्याचा अर्थ देतात 'ब्रह्मनिर्वृति, मोक्ष'. निर्वृति म्हणजे समाधान, आनंद. त्याचा धातूही वेगळा. विझण्याचा अर्थ तिथे अलगद बाजूला होतो. आणि गीतेला दिवा कसा हवा आहे ते सहाव्या अध्यायात दिसतं: वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा, ज्याची ज्योत हलत नाही. योग्याच्या ताब्यात आलेल्या चित्ताला ही उपमा आहे. वारा थांबतो, ज्योत राहते.

याच्या शेजारी थेरीगाथा या भिक्षुणींच्या गाथांच्या संग्रहातली पटाचारा ठेवा. परंपरेनुसार नवरा, दोन मुलं, आईवडील सगळे गमावून वेडी झालेली ही बाई पुढे भिक्षुणी झाली. तिच्या गाथेत ती सांगते: पाय धुतले, पाणी उताराकडे वाहताना पाहिलं, त्यावर चित्त एकाग्र झालं. मग दिवा घेऊन खोलीत आले, अंथरूण पाहिलं, खाटेवर बसले. सुई घेतली आणि वात खाली ओढली. 'पदीपस्सेव निब्बानं, विमोक्खो अहु चेतसो'. दिव्याचं निर्वाण व्हावं तसा चित्ताचा विमोक्ष झाला. तुमच्या प्रश्नातले दोन्ही शब्द एका ओळीत! फक्त इथे सुटका ज्योतीची नाही, ज्योत निवली हीच सुटका. गीतेची ज्योत निश्चल आहे, पटाचाराची निवलेली आहे.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: 'मोक्ष' हा एकच पदार्थ नाही. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या मोक्षात आत्मा उरतो, पण सुखदुःख आणि ज्ञान काहीच उरत नाही. श्रीहर्षाने नैषध या काव्यात एका नास्तिकाच्या तोंडून यावर कोटी केली आहे: शहाण्यांना दगड होण्याची मुक्ती शिकवणारा तो न्यायशास्त्रकार गोतम नावाप्रमाणे खरंच 'गो-तम' आहे, म्हणजे बैलांतला श्रेष्ठ. रामानुजांच्या मोक्षात जीव भगवंताच्या सेवेत वेगळा राहतो आणि जिवंतपणी मुक्ती त्यांना मान्य नाही. आणि आपल्याकडे तुकोबा तर मुक्ती नको, संतसंग दे, गर्भवासात खुशाल घाल म्हणतात. आजीला विचारून पाहा, वारी करणाऱ्या घरात बहुधा मोक्षापेक्षा या मागणीचीच ओढ जास्त असते. मोक्ष नाकारता येतो तो एवढ्यासाठीच की नाकारणारा भक्त आणि समोरचा देव असे दोघे आहेत, आणि त्या दोघांतली गोडी मोडायची नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या घरी निर्वाणाचा अर्थ बहुधा बाबासाहेबांच्या ग्रंथातून आलेला असेल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात निर्वाणाच्या कल्पनेमागे आत्म्याचा मोक्ष नाही असं त्यांनी स्पष्ट मांडलं आहे. जिवंत माणसाचं याच संसारातलं सुख, आणि सतत पेटलेल्या विकारांच्या ज्वाळांवर ताबा, हा त्यांचा अर्थ. पुनर्जन्माच्या फेऱ्याला त्यात मध्यवर्ती जागा नाही, त्यामुळे पारंपरिक थेरवादी भिक्षू इथे वाद घालतील. पण आगीची उपमा त्यांनी सोडलेली नाही.

आता ज्याला हे साधायचं आहे त्याच्या बैठकीत काय फरक पडतो, ते सांगतो. सुरुवात चकित व्हावं इतकी सारखी आहे. वेदान्ती 'नेति नेति' करतो: शरीर मी नव्हे, प्राण मी नव्हे, मन मी नव्हे. बुद्धांनी सारनाथला पहिल्या पाच भिक्षूंना सांगितलं: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, या पाच स्कंधांतलं प्रत्येक 'हे माझं नव्हे, हा मी नव्हे, हा माझा आत्मा नव्हे' असं पाहा. दोन्हीकडे वजाबाकी चालू आहे. वेदान्ताच्या वजाबाकीत बाकी उरते, साक्षी. अहंकार तिथेही गळतोच, 'मी अमका' ही वृत्तीही जाते, पण ज्याच्यापुढे ती आली आणि गेली त्याला सोडायचं नसतं. तिथेच राहायचं असतं, कारण तेच तू आहेस. बौद्ध साधकाने तोच शांत पाहणारा विज्ञानस्कंधात धरून त्यालाही त्याच यादीत घालायचं असतं.

गाडी घसरते ती नेमकी याच जागी. बैठक दीर्घ झाली, विचार थांबले, पाहणारा तेवढा उरला, की माणूस म्हणतो, निर्वाण झालं. बुद्धांनी स्वतः आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या गुरूंकडे याहून सूक्ष्म समाधी मिळवली होती. उद्दकाची तर संज्ञाही नाही आणि असंज्ञाही नाही इतकी पातळ अवस्था. ती सोडून ते निघाले, कारण यातून उठल्यावर मूळ तसंच आहे असं त्यांना दिसलं. ओळखायचं कसं? बैठकीतून उठल्यावर कुणी अपमान केला तर काय पेटतं, ते पाहून. पेटायला काही उरलं असेल तर इंधन आहेच.

त्याहून बारीक खूण खेमक नावाच्या भिक्षूने दिली आहे. तो कोसंबीजवळ बदरिकारामात आजारी पडला होता. घोषितारामातल्या वडीलधाऱ्या भिक्षूंनी दासक नावाच्या भिक्षूला पाठवून विचारलं, बरं आहे का? बरं नाही, वेदना वाढताहेत. मग निरोप गेला: पाच स्कंधांपैकी कशाला तुम्ही आत्मा मानता का? उत्तर: कशालाही नाही. मग तुम्ही अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, आहात तर! उत्तर: नाही, यांतल्या कशालाही मी 'हा मी' म्हणत नाही, पण 'मी आहे' हे अजून गेलेलं नाही. भिक्षूंना हे कळेना. 'मी आहे' म्हणजे कोण, रूप? वेदना? दासक पुन्हा निघाला. शेवटी खेमक म्हणाला, पुरे ही धावपळ, माझी काठी आण, मीच येतो.

आजारी माणूस काठी टेकत घोषितारामात आला आणि त्याने त्यांना सांगितलं: कमळाचा वास पाकळीचा म्हणावा, देठाचा की केसरांचा? फुलाचा म्हणावा लागतो. तसं हे 'मी आहे' एकेका स्कंधात सापडत नाही आणि तरी असतं. परीट मळकं वस्त्र खाऱ्या मातीने, खाराने किंवा शेणाने चोळून, स्वच्छ पाण्यात खळबळून देतो. मळ गेलेला असतो, पण त्या खाराचा, शेणाचा वास मागे राहतोच. मालक ते वस्त्र सुगंधी पेटीत ठेवतो आणि हळूहळू तोही जातो. तसं स्कंधांचं उगवणं मावळणं पाहत राहिलं की 'मी आहे' हा वासही जातो.

वेदान्ती इथे म्हणेल, वास गेला, पण वस्त्र तर उरलं ना! खेमकाच्या श्रोत्यांपैकी कुणी तसं विचारल्याची नोंद नाही. सुत्तात पुढे एवढंच आहे की हे बोलणं चालू असताना साठ थेर भिक्षूंची चित्तं आस्रवांतून, म्हणजे आत मुरलेल्या विकारांतून, मुक्त झाली, आणि बोलणाऱ्या खेमकाचंही.